आईसाठी प्रशिक्षित केअरटेकर हवी आहे: कामं, वेळ आणि पगार स्पष्ट सांगणारा मेसेज कसा लिहायचा

‘आजारी आईसाठी चांगली, विश्वासू बाई पाहिजे. पगार योग्य देऊ. जुळे सोलापूर. लवकर संपर्क करा.’

सोलापुरातल्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर असा मेसेज फिरत नाही असा आठवडा जात नाही. त्यावर फोन भरपूर येतात. निम्म्या जणींना धुण्याभांड्यांचं काम हवं असतं, काही जणींना फक्त रात्रपाळी चालते आणि उरलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, “किती देणार?” त्या प्रश्नाला घरच्यांकडेच उत्तर नसतं. मग घाईत कुणीतरी ठरतं, चार दिवस येतं आणि पाचव्या दिवशी फोन बंद लागतो.

या मेसेजमधला दोष भाषेचा नाही. लिहिण्याआधी जे ठरवायला हवं होतं ते ठरलेलंच नाही, एवढंच त्यातून दिसतं. म्हणून हा लेख मेसेजच्या आधीपासून सुरू होतो. उदाहरण एकच धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. आईचं वय ७८, वजन ६८ किलो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवी बाजू कमजोर झालेली, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. घर जुळे सोलापुरात, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला जातात.

## १. आधी एका दिवसाची नोंद करा

एक वही घ्या आणि सकाळी उठल्यापासून आई झोपेपर्यंत तिच्यासाठी कुणी, किती वाजता, काय केलं ते लिहा. मनाने लिहू नका. काम होईल तसं लिहीत जा. एक साधा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, एवढं पुरतं.

आपल्या उदाहरणातल्या घरात अशी नोंद झाली, तेव्हा मेसेजमध्ये कधीच न येणाऱ्या तीन गोष्टी सापडल्या. आईला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासाच्या खुर्चीवर दिवसातून सहा-सात वेळा हलवावं लागतं. या कामाला अंगात जोर लागतो, आणि पद्धतही माहीत असावी लागते. दुसरं म्हणजे जेवण भरवायला पाऊण तास जातो, कारण घास गिळायला वेळ लागतो आणि घाई केली की ठसका लागतो. तिसरी गोष्ट खास सोलापूरची. नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी अर्धं घर बादल्या-टाक्यांमागे असतं. तेवढा वेळ आईजवळ कुणीच नसतं.

नोंद झाली की तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: हे काम केअरटेकरनेच करायला हवं, की घरातलं कुणी करू शकतं? पुढचा सगळा हिशेब या खुणेवर चालतो.

तपासणी: वजन, चालता येतं की नाही, लघवी-संडासाची व्यवस्था काय (डायपर, कमोड चेअर, कॅथेटर), जेवण तोंडाने की नाकातल्या नळीने, रात्री किती वेळा उठावं लागतं. या पाच प्रश्नांची उत्तरं वहीत नसतील तर पुढे जाऊ नका.

## २. ‘प्रशिक्षित’ म्हणजे नेमकं कोण हवं, ते ठरवा

सर्वात जास्त पैसा आणि वेळ इथेच वाया जातो. ‘ट्रेंड नर्स पाहिजे’ असं सरसकट लिहिलं जातं, आणि प्रत्यक्षात काम असतं अंघोळ घालण्याचं आणि भरवण्याचं. उलटही होतं. नाकातली नळी आणि कॅथेटर असलेल्या माणसासाठी ‘सांभाळायला बाई’ मागितली जाते, तेव्हा तर धोकाच असतो.

ढोबळमानाने तीन पातळ्या आहेत. पहिली, अनुभवी मावशी किंवा आया. हिने हॉस्पिटलच्या वॉर्डात किंवा घरी रुग्ण सांभाळलेले असतात, पण कोर्स केलेला नसतो. दुसरी, जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीएचा कोर्स केलेली. हिला रुग्णाला उठवणं-बसवणं, पलंगावरची अंघोळ, कूस बदलणं, बीपी आणि तापमान मोजणं, डायपर बदलणं हे शिकवलेलं असतं. तिसरी, एएनएम किंवा जीएनएम झालेली नर्स. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा असतो आणि दोघींचीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. इंजेक्शन देणं, नळी किंवा कॅथेटर बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग करणं ही कामं तिसऱ्या पातळीची आहेत. ती मावशीकडून करून घेणं चुकीचं आहे, मग ती “मला येतं हो” असं कितीही म्हणो.

आता वहीतल्या खुणा बघा. आपल्या उदाहरणात नर्सचं म्हणावं असं काम एकच आहे, इन्सुलिन. ते सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी द्यायचं असतं. सून सकाळी निघण्याआधी घरातच असते आणि रात्री मुलगा असतो. दोघांनी डॉक्टरांसमोर एकदा इन्सुलिनचं पेन वापरायला शिकून घेतलं, तर दिवसभरासाठी नर्स लागत नाही, जीडीए झालेली किंवा तेवढा अनुभव असलेली बाई पुरते. दोन वेळच्या पाच-पाच मिनिटांच्या कामासाठी अख्ख्या दिवसाची पातळी वर चढत होती. ती पातळी खाली आली की पगार तर बदलतोच, पण मिळू शकणाऱ्या उमेदवारांची संख्याही वाढते.

मात्र इन्सुलिन घरच्यांनी दिलं तरी साखर एकदम उतरली तर काय करायचं, हे दिवसा जवळ असणाऱ्या बाईला माहीत असायलाच हवं. दरदरून घाम, हात थरथरणं, अचानक गुंगी किंवा चिडचिड अशी लक्षणं दिसताच ग्लुकोमीटरवर तपासायचं. आकडा ७० च्या खाली असेल आणि आई शुद्धीत, नीट गिळू शकत असेल, तर साखर द्यायची आणि लगेच फोन करायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका बोलवायची. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला साखर कशात कालवून द्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा.

सावधान: वडिलांसाठी शोधत असाल तर पुरुष केअरटेकर हवा का, ते आत्ताच ठरवा आणि मेसेजच्या पहिल्याच ओळीत लिहा. अंघोळ आणि संडासाच्या वेळी वडील संकोचाने सहकार्य करत नाहीत, आणि मग बिचारी बाई ‘नीट काम करत नाही’ ठरते.

## ३. कामांची यादी: काय करायचं, आणि काय करायचं नाही

यादी तीन भागांत पाडा. आईच्या शरीराची कामं, औषध आणि नोंदीची कामं, आणि आईशी जोडलेली घरकामं. भांडण नेहमी तिसऱ्या भागावरून होतं, म्हणून तिथे जरा थांबू.

‘वरकाम’ हा शब्द मेसेजमध्ये लिहूच नका. घरच्यांच्या मनात त्याचा अर्थ ‘वेळ मिळाला तर थोडंफार’ असा असतो. आठवडाभरात तो स्वयंपाक, केर-फरशी आणि नातवाला शाळेच्या रिक्षातून उतरवून घेणं इथवर पोहोचतो. बाई तोंडाने काही बोलत नाही, पण दुसरीकडे काम शोधायला लागते. त्यापेक्षा साफ लिहा: आईचे कपडे मशीनला लावणं, आईची चादर बदलणं, आईचं ताट-वाटी धुणं आणि आईची खोली झाडणं. घरातल्या इतरांचा स्वयंपाक, भांडी, फरशी यांतलं काहीही नाही.

पाण्याच्या दिवसाचंही स्पष्ट करा. पाणी भरणं तिच्याकडे नाही, हे यादीत येऊ द्या. ते तिच्याकडेच द्यायचं असेल तर तेवढा वेळ आईजवळ कोण बसणार, हे आधी ठरवा. अर्धांगवायू झालेलं माणूस बादलीच्या आवाजाला ‘कोण आहे’ म्हणून उठायला जातं आणि पडतं.

शरीराच्या कामांत ‘सर्व सेवा’ असं लिहू नका. एकेक काम लिहा: रोज अंघोळ किंवा पलंगावर अंग पुसणं, डायपर बदलणं आणि त्वचा कोरडी ठेवणं, पलंगावर असताना दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाडावर पडून राहण्याने जखम होत नाही ना ते रोज बघणं, टेकवून बसवून सावकाश भरवणं, फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम दोन वेळा करून घेणं. वाचणाऱ्या अनुभवी बाईला यातल्या ‘दर दोन तासांनी’ या तीन शब्दांवरून लगेच कळतं की घरच्यांना काम समजतंय. आणि आरामाचं काम शोधणारी आपोआप बाजूला होते.

तपासणी: यादी घरातल्या प्रत्येकाला, शक्य असेल तर आईलाही वाचून दाखवा. ‘एवढं तरी तिने करायला काय हरकत आहे’ असा सूर निघाला तर तो वाद आत्ताच मिटवा. बाई आल्यावर तो तिच्यासमोर होतो.

## ४. वेळ: बारा तास लिहिण्याची सवय सोडा

‘सकाळी ८ ते रात्री ८’ हे आता जणू छापील वाक्य झालंय. तुम्हाला खरंच तेवढे तास हवेत का, ते वहीवरून बघा. आपल्या घरात सून नऊला निघते आणि सव्वासहाला परत येते. म्हणजे साडेआठ ते साडेसहा असे दहा तास पुरतात. सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळची पंधरा मिनिटं दोघी एकत्र असतात, त्यात रात्री झोप कशी लागली, औषध कुठलं दिलं, साखर किती होती हे एकमेकींना सांगून होतं. हा ताबा देण्या-घेण्याचा वेळ ठेवला नाही की औषध दोनदा दिलं जातं किंवा एकदाही दिलं जात नाही.

दहा तासांचा दुसरा फायदा शहराच्या पसरटपणात आहे. कामाला तयार असलेल्या अनेक जणी पूर्व भागात, नीलम नगर किंवा विडी घरकुलच्या बाजूला राहतात, आणि जुळे सोलापूर म्हणजे त्यांच्यासाठी शहराचं दुसरं टोक. रात्री आठला सुटलेल्या बाईला दोन रिक्षा बदलून घरी पोहोचायला नऊ वाजतात, आणि घरी गेल्यावर तिचा स्वतःचा स्वयंपाक पुढे असतोच. साडेसहाला सुटी असेल तर तीच बाई हो म्हणते. म्हणून मेसेजमध्ये पूर्ण पत्ता नको, पण जवळचा चौक आणि रिक्षा कुठपर्यंत येते ते लिहा.

सुट्टीही लिहा: आठवड्यातून एक, आणि कुठल्या वारी. सुट्टीच नाही असं ठेवलं तर ती घेतली जातेच, फक्त न सांगता. सणांचंही बोलून घ्या. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सुट्टी मागितली जाणार हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, त्या दिवसांची घरची पाळी आधीच लावा. दुपारी आई झोपते तेव्हा तासभर विश्रांती मिळेल हेही लिहावं. दहा तास सलग कुणीच सावध राहू शकत नाही.

चोवीस तास राहणारी बाई हवी असेल तर आणखी दोन गोष्टी लागतात: रात्री सरासरी किती वेळा उठावं लागतं आणि तिची झोपायची जागा कुठे. आई रात्री पाच वेळा उठत असेल तर एकच माणूस दिवसा आणि रात्री जागू शकत नाही. तिथे दोन पाळ्याच लागतात.

## ५. पगार: आकडा लिहा आणि दिवसाचा हिशेबही लिहा

‘योग्य पगार’ या दोन शब्दांना काही अर्थ नाही. त्याने फोन वाढतात आणि प्रत्येक फोनवर नव्याने घासाघीस होते. चालू दर कळायला केअरटेकर पुरवणाऱ्या दोन ब्यूरोंना फोन करा आणि आई ज्या हॉस्पिटलमध्ये होती तिथल्या वॉर्डातल्या मावशींना विचारा. ब्यूरोला एक प्रश्न जरूर विचारा: “आमच्याकडून घेतलेल्या पैशांपैकी बाईच्या हातात किती पडतात?” थेट नेमणार असाल तर तिच्या हातात पडणारा आकडाच तुमच्यासाठी तुलनेचा आहे.

समजा, आपल्या घराने चौकशी करून महिना १६,००० रुपये ठरवले. (हा आकडा हिशेब समजावा म्हणून घेतलाय, दर म्हणून नाही.) आता खरा प्रश्न येतो, एका दिवसाचे किती? महिन्याला तीसने भागलं तर दिवसाचे ५३३ रुपये होतात. चार सुट्ट्या वजा करून सव्वीस कामाच्या दिवसांनी भागलं तर ६१५. बाईने तीन दिवस खाडा केला तर पहिल्या पद्धतीने १,६०० कापले जातात आणि दुसऱ्या पद्धतीने १,८४६. घरचे सव्वीसने कापतात आणि सुट्टीच्या दिवशी जास्तीचं बोलावलं की तीसने देतात, असं सर्रास चालतं. ते दिसत नाही असं समजू नका. महिनाअखेर बोटांवर हिशेब करणाऱ्या बाईला ते पहिल्याच महिन्यात दिसतं.

एकच भाजक ठरवा आणि दोन्ही बाजूंना तोच लावा. आपल्या घराने सव्वीस धरलं: खाडा झाला तर दिवसाला ६१५ कमी, आणि सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर ६१५ जास्त. ठरलेल्या वेळेनंतर थांबावं लागलं तर तासाला वेगळे किती, तेही लिहा. सव्वीस दिवस आणि दहा तास धरले तर तासाला साधारण ६२ रुपये पडतात. उशिरा थांबण्याचे ८० धरले, कारण तेव्हा तिची नेहमीची रिक्षा चुकते.

मग उरतं ते भराभर लिहून टाका: पगार कुठल्या तारखेला, रोख की यूपीआयने, जेवण-चहा घरचा की डबा, येण्याजाण्याचे पैसे पगारात धरले की वेगळे. उचल देणार असाल तर किती आणि कशी वळती होणार, हे मेसेजमध्ये नको, पण ठरवताना नक्की बोला.

सावधान: ‘पहिले आठ दिवस ट्रायल, पसंत पडलं तर पगार’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ट्रायलचे दिवसही कामाचेच दिवस आहेत, त्यांचे पैसे त्याच हिशेबाने द्यायचे आणि तसं मेसेजमध्येच लिहायचं.

## ६. आता मेसेज लिहा

क्रम असा ठेवा: कोण हवं आणि कुठे, रुग्णाची स्थिती, कामं, नसलेली कामं, वेळ आणि सुट्टी, पगार, अपेक्षा, संपर्क. वाचणारी बहुतेक फोनवर वाचणार आणि अनेकदा तिच्यासाठी दुसरंच कुणी वाचून दाखवणार. म्हणून वाक्यं छोटी आणि ओळी सुट्या हव्यात.

> प्रशिक्षित महिला केअरटेकर हवी: जुळे सोलापूर (दिवसपाळी)
>
> रुग्ण: महिला, वय ७८, वजन ६८ किलो. अर्धांगवायूमुळे उजवी बाजू कमजोर. चालता येत नाही, आधाराने बसतात. मधुमेह आहे. तोंडाने जेवतात, नळी नाही. डायपर आणि कमोड चेअर वापरतात. मराठी आणि कन्नड समजतं.
>
> कामं: अंघोळ किंवा अंग पुसणं, डायपर बदलणं, पलंग-व्हीलचेअर-कमोड असं हलवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सावकाश भरवणं, वेळेवर गोळ्या, बीपी व साखर तपासून वहीत लिहिणं, दाखवलेले व्यायाम करून घेणं. फक्त रुग्णाचे कपडे, ताट आणि खोली.
>
> ही कामं नाहीत: घरचा स्वयंपाक, भांडी, फरशी, पाणी भरणं. इन्सुलिन घरचे देतात.
>
> वेळ: सकाळी ८.३० ते संध्याकाळी ६.३०. दुपारी १ तास विश्रांती. रविवारी सुट्टी.
>
> पगार: महिना १६,००० रु., दर महिन्याच्या १ तारखेला. खाडा किंवा जादा दिवस ६१५ रु. जादा तास ८० रु. दुपारचं जेवण व दोन चहा घरी. येण्याजाण्याचा खर्च पगारात धरला आहे. पहिले ३ दिवस ट्रायल, त्याचे पैसे दिवसाप्रमाणे मिळतील.
>
> अपेक्षा: जीडीए कोर्स, किंवा अंथरुणावरचा रुग्ण सांभाळल्याचा किमान २ वर्षांचा अनुभव. आधीच्या एका घराचा किंवा हॉस्पिटलचा फोन नंबर द्यावा लागेल.
>
> घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रिक्षा चौकापर्यंत मिळते, तिथून चालत ५ मिनिटं.
>
> फोन: (मुलाचा नंबर), संध्याकाळी ७ ते ९. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव, राहण्याचा भाग आणि अनुभव पाठवला तरी चालेल.

सुरुवातीच्या दोन ओळींच्या मेसेजशी ताडून पाहा. लांबी वाढली आहे, पण एकही ओळ शोभेची नाही. ‘विश्वासू’, ‘प्रामाणिक’, ‘घरच्यासारखी वागणूक’ हे शब्द मुद्दाम टाळले. अप्रामाणिक बाई ‘प्रामाणिक’ हा शब्द वाचून थांबत नाही, आणि ‘घरच्यासारखं’ म्हणजे बिनपैशाचं जास्तीचं काम, हे अनुभवी बायकांना पाठ झालेलं असतं.

वजन लिहायला लोक लाजतात, पण ते लिहाच. ४५ किलोची आजी उचलणं आणि ६८ किलोची उचलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो पहिल्या दिवशी कळला तर बाई दुसऱ्या दिवशी येत नाही.

‘अमुक समाजाचीच हवी’ असं काही जण लिहितात. लिहू नका. एक तर ते बरं नाही, आणि दुसरं म्हणजे त्याने हाताशी असलेली चांगली बाई हातची जाते. स्वयंपाकघराचा काही नियम असेल, उदाहरणार्थ घरात शाकाहार, तर तोच सरळ सांगा. भाषेचं मात्र जरूर लिहा. सोलापुरात कुणाची आई कन्नडमध्ये कण्हते, कुणाची तेलुगूमध्ये. झटक्यानंतर बोलणं तुटक झालेल्या माणसाचा अर्धा शब्द ओळखायला ती भाषा कानावरून गेलेली असावी लागते.

## ७. पाठवण्याआधी काय काढून टाकायचं

घर क्रमांक, सोसायटीचं नाव, आईचं नाव, आईचा फोटो आणि आईचा स्वतःचा फोन नंबर यांतलं काहीही मेसेजमध्ये नको. ‘आई दिवसभर एकटीच असते’ हे वाक्य तर अजिबात नको. आपण गरज सांगत असतो, पण वाचणारा प्रत्येक जण केअरटेकर नसतो आणि ग्रुपवरचा मेसेज कुठवर जाईल याचा भरवसा नाही. ‘घरचे नोकरीला जातात’ हेसुद्धा फोनवर, समोरची व्यक्ती खरी वाटल्यावरच सांगा.

मेसेजमध्ये तारीख टाका. जुने मेसेज महिनोन्‌महिने फिरत राहतात आणि जागा भरल्यावरही फोन येत राहतात.

कुठे पाठवायचा? सोसायटीच्या ग्रुपपेक्षा तीन ठिकाणं जास्त उपयोगी पडतात: आईचे फिजिओथेरपिस्ट, जवळचा औषधवाला (डायपर घेणारी सगळी घरं त्याला माहीत असतात) आणि हॉस्पिटलमधल्या वॉर्डातल्या मावशी. यांच्याकडून येणारं नाव बहुतेक वेळा कुणाच्या तरी डोळ्यांसमोर काम केलेलं असतं.

## ८. फोन आल्यावर विचारायचे प्रश्न

“अनुभव आहे का?” विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं, सगळ्यांचंच. त्याऐवजी काम विचारा. आपल्या उदाहरणासाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: “आईंची उजवी बाजू गेली आहे. पलंगावरून व्हीलचेअरमध्ये कशा घ्याल?”

काम केलेली बाई साधारण असं सांगते: खुर्ची आईच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, पलंगाला लागून तिरकी लावायची. ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. आईला कडेला बसवून पाय जमिनीला टेकवायचे, कमरेला धरून उभं करायचं आणि वळवून बसवायचं. “उजवा हात धरून ओढते” असं उत्तर आलं तर सावध व्हा. कमजोर बाजूचा हात ओढला की खांदा निखळू शकतो, आणि ते दुखणं मग महिनोन्‌महिने जात नाही.

दुसरा प्रश्न: “भरवताना ठसका लागला तर?” थांबायचं, ताठ बसवून पुढे वाकवायचं, खोकू द्यायचं, खोकला पूर्ण थांबेपर्यंत पुढचा घास नाही. “लगेच पाणी पाजते” हे उत्तर धोक्याचं आहे, कारण गिळायला त्रास असलेल्यांना पातळ पाण्याचाच जास्त ठसका लागतो. दोन्ही प्रश्नांना शब्द वेगळे असतील, कदाचित मोडके असतील, पण हात काय करतात ते उत्तरात दिसलं पाहिजे.

तिसरं, आधीचं काम का सुटलं, आणि तिथला फोन नंबर. त्या घरी फोन करून “बाई चांगली होती का” असं विचारू नका. “किती महिने होती, कुठली कामं करत होती, न सांगता किती खाडे झाले” असं विचारा. ‘चांगली’ म्हणायला कुणाचं काय जातं?

सावधान: आधार कार्डाचा फोटो पहिल्याच फोनवर मागू नका. प्रत्यक्ष भेटीत मूळ कार्ड पाहा, नेमताना प्रत आणि फोटो घ्या आणि जवळच्या पोलिस ठाण्यात तिची माहिती द्या. जीडीएचं प्रमाणपत्र किंवा नर्स असेल तर परिषदेची नोंदणी, हेही त्याच वेळी मूळ कागदावरून बघायचं.

## ९. ट्रायलचे तीन दिवस

या तिन्ही दिवशी घरातल्या कुणीतरी रजा काढून थांबायचं. पहिल्या दिवशी तुम्ही करून दाखवा, दुसऱ्या दिवशी ती करेल आणि तुम्ही बघा, तिसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. बघायचं ते साधंच आहे. डायपर बदलण्याआधी आणि नंतर हात धुते का, आईला हलवण्याआधी तोंडाने सांगते का, औषधाची पट्टी वाचून गोळी काढते की रंगावरून, आणि वही त्या त्या वेळी भरते की संध्याकाळी एकदम.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर असताना आईला विचारा. तिला बोलता येत नसेल तर हो-नाहीचे प्रश्न विचारा: दुखवते का, ओरडते का, उद्या यायला हवी का.

पसंती झाली की मेसेजमधलेच मुद्दे एका कागदावर उतरवा, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. त्यात तीनच गोष्टींची भर घाला: काम सोडायचं किंवा बंद करायचं तर किती दिवस आधी सांगायचं (पंधरा दिवस रास्त आहेत), पगार दर किती महिन्यांनी वाढणार, आणि आईची तब्येत बदलली तर काय. हा शेवटचा मुद्दा सगळेच विसरतात. उद्या नाकातली नळी लागली तर कामाची पातळीच बदलते. तेव्हा जुन्या पगारात, जुन्याच बाईकडून ते करून घ्यायचं नाही, नव्याने बसून ठरवायचं किंवा नर्स बघायची. एक प्रत तिला द्या आणि एक औषधांच्या डब्याजवळ चिकटवा. डॉक्टरांचा, घरच्या दोघांचा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबरही तिथेच मोठ्या अक्षरात लिहा.

मग ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला होता तिथे ‘जागा भरली आहे’ असं लिहा. फोनवर बऱ्या वाटलेल्या आणखी दोघींचे नंबर मात्र जपून ठेवा आणि तसं त्यांना सांगूनही ठेवा, कारण नेमलेल्या बाईच्या सुट्टीच्या दिवशी बदली त्यांच्याकडेच मागावी लागणार आहे.